बंद रिव्हर्सर आणि वैमानिकाचा हात

(मीरा-भाईंदर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

विमान कसं उडतं हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. बोलायचं आहे ते एखादी वस्तू बंद असतानाही विमान उडवण्याबद्दल. समोरून चिठ्ठी आली आहे : "म्हणजे तुम्ही बिघडलेलं विमान उडवता?" (हशा) हो, उडवतो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

काय बंद असताना उडता येईल याची मूळ यादी विमान बनवणाऱ्या कंपनीच्या कामातून तयार होते. विमानसेवा त्यावरून आपली एमईएल करते. ती मूळ यादीपेक्षा सैल असू शकत नाही, आणि आपल्याकडे तिला डीजीसीएची मान्यता लागते. दुरुस्तीला मुदत असते : बी गटाला 3 दिवस, सी गटाला 10, डी गटाला 120. सगळे याच मुदतीबद्दल बोलतात. माझं म्हणणं वेगळं आहे. नोंदीशेजारी 'एम' असेल तर इंजिनिअरला काम असतं, 'ओ' असेल तर वैमानिकाला. धोका राहतो तो या 'ओ'मध्ये.

थ्रस्ट रिव्हर्सर घ्या. उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून तो विमान थांबवायला मदत करतो. कोरड्या धावपट्टीवर उतरायचं प्रमाणित अंतर मात्र त्याला न मोजता, ब्रेक आणि पंखांवरच्या स्पॉयलरांच्या भरवशावर काढतात. म्हणून एक रिव्हर्सर कुलूपबंद करून उडता येतं.

17 जुलै 2007. साव पावलोचं काँगोन्यास विमानतळ, ओली धावपट्टी, लांबी दोन किलोमीटरहून थोडी कमी. आपल्या मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. टॅम विमानसेवेच्या एअरबस ए-320चा उजवा रिव्हर्सर रीतसर बंद केलेला होता. एक रिव्हर्सर बंद असेल तरी उतरल्यावर दोन्ही इंजिनांचे लिव्हर आयडलला आणून दोन्ही रिव्हर्सला घ्यायचे, अशी त्या वेळची पद्धत होती. त्याआधीची पद्धत एकच लिव्हर रिव्हर्सला घेण्याची. त्या संध्याकाळी डावा लिव्हर रिव्हर्सला गेला, उजवा चढाईच्याच खाचेत राहिला. उजवं इंजिन पुढे ढकलत राहिलं. एक लिव्हर पुढेच असल्याने संगणकाने स्पॉयलर उघडले नाहीत, आणि स्पॉयलर न उघडल्याने ऑटोब्रेक लागला नाही. विमान थांबलं नाही. 199 माणसं गेली.

(सभागृहातून : "मग यादीतून रिव्हर्सर काढूनच टाका ना!")

नाही, माझा विरोध इथेच आहे. रिव्हर्सर बंद होता म्हणून विमान थांबलं नाही असं नव्हे. स्पॉयलर आणि ब्रेक धडधाकट होते. लिव्हर तिथे का राहिला, हाताची चूक की यंत्राची, याचं निर्णायक उत्तर तपासालाही मिळालं नाही. पण बंद वस्तूमुळे सवयीची कृती बदलली होती, तीही दोनदा, हे नोंदलेलं आहे.

म्हणून उड्डाणापूर्वी वैमानिकांनी बंद वस्तूची नोंद वाचून थांबू नये. "उतरल्यावर माझा हात काय करणार, आणि तू काय तपासणार" हे दोघांनी मोठ्याने बोलावं. स्पॉयलर उघडले की नाही, हे दुसऱ्याने पडद्यावर पाहून सांगावं. पाऊस असेल, धावपट्टी आखूड असेल, तर यादी परवानगी देत असली तरी कॅप्टनला विमान नाकारता येतं. त्याने ते नाकारावं.