प्रवासखर्चाचा ईमेल

ऑफिसच्या प्रवासाची बिलं जोडली… की काम झालं, असं वाटतं. पण बिल फक्त ‘किती’ ते सांगतं. ‘कशासाठी’ ते ईमेलनंच सांगायचं असतं. लेखा विभागातला माणूस तुमच्या बैठकीला नव्हता ना!

समजा, पुण्याहून नागपूरला गेलात. विषयातच लिहा: नागपूर प्रवासखर्च, तारीख, एकूण रक्कम. मग एका ओळीत कारण: ग्राहकाकडे यंत्रतपासणी, आणि दौऱ्याला मंजुरी कोणाची. पुढे रेल्वे, हॉटेल, रिक्षा, प्रत्येकाची तारीख आणि रक्कम. बेरीज बिलांशी जुळलीच पाहिजे.

आता खरी अडचण. कंपनीच्या धोरणात हॉटेलची मर्यादा 3000 रुपये, बिल 3400 चं. लपवू नका. कलमाचा क्रमांक देऊन लिहा: मागणी 3000 ची, वरचे 400 माझे. किंवा साहेबांची मंजुरी जोडा.

कोणी म्हणेल, कलम लेखा विभागाला पाठच असतं. असेलही. पण क्रमांक दिसला की शोधाशोध वाचते… आणि उलट प्रश्न येत नाही. रिक्षाची पावती नसेल, तर तेही आधीच सांगा. हॉटेलच्या बिलावर मात्र कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक खोली सोडण्यापूर्वीच तपासा.