सही तुमचीच, पण नमुना कधीचा?

बँकेत असताना बरीच वर्षं मी क्लिअरिंगच्या टेबलावर काढली. त्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो.

एक निवृत्त शिक्षिका रागाने माझ्यासमोर येऊन बसल्या. घराच्या रंगकामाचा बेचाळीस हजारांचा चेक परत आला होता. सोबतच्या मेमोवर कारण होतं, सही जुळत नाही. "खात्यात पैसे आहेत, सही माझी आहे, आणि मी स्वतः तुमच्यापुढे बसले आहे," बाई म्हणाल्या. मी कोरा कागद पुढे केला आणि पाच वेळा सही करायला सांगितली. पाचही सह्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. संगणकातल्या नमुन्याशी मात्र एकही जुळेना.

नमुना होता 1996 सालचा, खातं उघडतानाचा. नाव आणि आडनाव सुटं, प्रत्येक अक्षर वेगळं. पुढे वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकांवर सह्या करताना हात वेगाने चालायला लागला, आडनावाची झाली एक लाट, आणि नावाखालची रेघ कधी गळून पडली हे बाईंनाही कळलं नाही.

आता चेक बँकेत कसा तपासतात ते पाहा. पूर्वी कागद हातात यायचा. शाईचा दाब दिसायचा, हात कुठे अडखळला ते कळायचं. आज ज्या बँकेत चेक भरतात, तिथेच तो कागद राहतो. ज्या बँकेवर तो काढलेला असतो, तिच्याकडे जाते फक्त त्याची प्रतिमा. पडद्यावर ही प्रतिमा आणि आपली नमुना सही शेजारी शेजारी येतात. तपासणारा पाहतो सुरुवातीच्या अक्षराचं वळण, सहीचा कल, अक्षरं कुठे जोडली आहेत आणि शेवटचा फटकारा. अक्षर थोडं लहानमोठं झालं तर चालतं, पण घडणच बदलली तर शंका येते. त्यात नमुना जुन्या कार्डावरून पुसट स्कॅन झालेला असला, तर शंका आणखी वाढते. समोर चेकांची रांग असते आणि निर्णय त्याच दिवशी द्यायचा असतो.

मग शंकेचा फायदा ग्राहकाला का देत नाहीत? कारण कायद्यात आहे. एका कंपनीच्या लेखापालाने खोट्या सह्या करून कंपनीच्या खात्यातून पैसे काढले होते. कॅनरा बँकेच्या त्या खटल्यात 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, खोटी सही म्हणजे ग्राहकाचा आदेशच नव्हे. ग्राहकाने हिशेब वेळेवर तपासला नाही, तरी तेवढ्यावर बँक सुटत नाही. म्हणून शंका आली की तपासणाऱ्याचा हात परतीच्या बटणाकडे जातो.

या बाईंचं काम कसं झालं? नमुना बदलण्याचा अर्ज भरला. त्यात जुनी सही एका चौकटीत, नवी दुसऱ्या चौकटीत. जुनी सही काही केल्या हाताला येईना. मग फोटो आणि मूळ ओळखपत्रं पाहून ओळख पटवली, नवी सही माझ्यासमोर करून घेतली. ती एकाने संगणकात चढवली, दुसऱ्या अधिकाऱ्याने मंजूर केली. मी बाईंना दोन गोष्टी बजावल्या. अर्जाची पोच घ्या, आणि नवी सही चढल्याची खात्री होईपर्यंत चेक फाडू नका.

आणखी एक गोष्ट ऐनवेळी विसरते. जुन्या सहीचे चेक आधीच कुणाला दिले असतील, तर ते नव्या नमुन्याशी जुळणार नाहीत. त्यांची यादी करून ते बदलून द्या. लॉकर, ठेवी, कर्जाचे हप्ते आणि दुसऱ्या बँकेतली खाती यांचीही चौकशी करा. एका बँकेत नमुना बदलला, म्हणून दुसऱ्या बँकेला तो कळत नाही.

हात थरथरत असेल, रोजची सही वेगळी होत असेल, तर नवा नमुनाही फार दिवस टिकणार नाही. आजारी आणि वृद्ध खातेदारांना अंगठा उमटवून पैसे काढण्याची सोय आहे. त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

आणि चेक परत आलाच, तर घेणाऱ्याला ताबडतोब कळवा, पैसे दुसऱ्या मार्गाने द्या. सही जुळली नाही म्हणून परत आलेल्या चेकवरही फौजदारी खटला होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे.

बाईंनी जाताना विचारलं, "मग माझी खरी सही कुठली?" मी म्हटलं, "तुमच्या हाताची ही. बँकेची आजवर ती होती. आजपासून दोघींची एकच."