न्यूटनचीं वलयें आणि भिंगाची गोलाई

एका बाजूनें सपाट व दुसऱ्या बाजूनें किंचित् फुगीर असें भिंग सपाट काचेवर फुगीर बाजू खालीं करून ठेवलें, आणि वरून पिवळा प्रकाश पाडून खालीं पाहिलें, तर मध्यभागीं एक काळा ठिपका व त्याभोंवतीं एकाबाहेर एक अशीं काळीं-पिवळीं वलयें दिसतात. आंतलीं वलयें ऐसपैस असतात; बाहेर जावें तशीं तीं दाटत जातात. कॉलेजांतील प्रयोगशाळेंत दरवर्षीं अनेक विद्यार्थी या वलयांचीं मापें घेऊन भिंगाची वक्रतात्रिज्या काढतात. वक्रतात्रिज्या म्हणजे भिंगाचा फुगीर पृष्ठभाग ज्या गोलाचा तुकडा आहे, त्या गोलाची त्रिज्या. प्रयोग सोपा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्यांतील एक गोष्ट पुष्कळांना अखेरपर्यंत उमगत नाहीं; ती ही कीं, ज्या काळ्या ठिपक्याकडे सर्वांचें लक्ष वेधतें, तोच या सगळ्या चित्रांतील सर्वांत कमी विश्वासाचा भाग होय.

प्रथम या वलयांचें मूळ पाहूं. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर रंग दिसतात, हें रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें होतें. रंगाचा संबंध पापुद्र्याच्या जाडीशीं आहे हें त्यानें ओळखिलें, पण इतकी सूक्ष्म जाडी मोजावी कशी, या प्रश्नापाशीं तो अडला. न्यूटननें युक्ति काढली ती भूमितीची. त्यानें दुर्बिणीचीं दोन भिंगें घेतलीं. एक १४ फुटी दुर्बिणीचें, एका बाजूनें सपाट. दुसरें सुमारें ५० फुटी दुर्बिणीचें, दोन्ही बाजूंनीं फुगीर. पहिल्याची सपाट बाजू दुसऱ्याच्या फुगीर बाजूवर टेकविली. आतां दोहोंमध्यें हवेचा जो थर राहतो, त्याची जाडी मधोमध शून्य असून बाहेर हळूहळू वाढत जाते, आणि ती किती वाढते हें गोलाच्या त्रिज्येवरून गणितानें काढतां येतें. मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग करावा व त्यास गोलाच्या व्यासानें भागावें, कीं त्या जागची जाडी मिळाली. हाताला न सांपडणारी जाडी अशा रीतीनें कंपास व पट्टीच्या आवांक्यांत आली.

न्यूटनला असें आढळलें कीं, तेजस्वी वलयांच्या व्यासांचे वर्ग १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणांत वाढतात व काळ्या वलयांचे २, ४, ६, ८ या सम संख्यांच्या. पहिल्या काळ्या वलयाच्या जागीं हवेची जाडी त्यानें एक इंचाचा ८९,००० वा भाग इतकी काढिली. हें सर्व १७०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रकाशविषयक ग्रंथांत आहे. त्या जाडीची दुप्पट केली तर मिलिमीटरच्या सुमारें ५७१ दशलक्षांश भाग येतो, आणि पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी म्हणून आज जी संख्या आपण मानतों, तिच्या अगदीं जवळ ती बसते. गंमत अशी कीं, न्यूटनचा प्रकाशलहरींवर विश्वास नव्हता. माप त्यानें लहरीचें घेतलें आणि तिला लहर म्हणण्याचें मात्र नाकारलें!

लहरींच्या दृष्टीनें अर्थ असा. भिंगाच्या खालच्या पृष्ठभागावरून कांहीं प्रकाश परततो व कांहीं पुढें जाऊन खालच्या काचेवरून परततो. दुसऱ्याला हवेचा थर जातां-येतां दोनदां ओलांडावा लागतो. शिवाय विरळ माध्यमांतून घन माध्यमावर आपटून परततांना लहर उलटी होते. तिच्या शिखराच्या जागीं दरी येते. म्हणून जेथें थराची जाडी शून्य, तेथें दोन्ही लहरी एकमेकींस मारून टाकतात व काळोख होतो. पुढें जेथें जेथें जाडीची दुप्पट ही पूर्ण एक, दोन, तीन तरंगलांब्यांइतकी भरते, तेथें तेथें काळें वलय पडतें. टॉमस यंग यानें १९ व्या शतकाच्या आरंभीं हा उलगडा केला, आणि दोन निराळ्या जातींच्या काचांमध्यें त्या दोहोंच्या मधल्या घनतेचें तेल घालून मधला काळा ठिपका पांढरा करून दाखविला.

न्यूटनला गोल ठाऊक होता, त्यावरून त्यानें जाडी काढली. आजचा विद्यार्थी उलट्या वाटेनें जातो. सोडियमच्या दिव्याची तरंगलांबी ठाऊक आहे. ती ५,८९३ आंगस्ट्रॉम, म्हणजे सेंटिमीटरचे ०.००००५८९३ इतकी. त्यावरून त्याला गोल काढावयाचा असतो. दिव्याचा प्रकाश आडवा येतो. तो ४५ अंशांत कललेल्या एका साध्या काचेवरून खालीं भिंगावर पाडतात, आणि त्याच काचेंतून आरपार, वर बसविलेल्या सरकत्या सूक्ष्मदर्शकानें पाहतात. त्यांतील फुलीची तार एका बाजूच्या विसाव्या वलयावर आणून मापन घ्यावयाचें, मग एकाच दिशेनें सरकत मध्य ओलांडून दुसऱ्या बाजूच्या विसाव्या वलयापर्यंत जावयाचें. मध्येंच मागें फिरलें तर स्क्रूच्या आट्यांतील ढिलाई मापांत शिरते, म्हणून दिशा बदलावयाची नाहीं. दोन मापनांतील अंतर हा त्या वलयाचा व्यास.

सरळ विचार असा कीं, दहाव्या वलयाचा व्यास घ्यावा, त्याचा वर्ग करून दहाच्या चौपटीनें व तरंगलांबीनें भागावें, कीं त्रिज्या आली. हाच विचार फसवितो. एका प्रयोगाचे आंकडे कल्पून पाहूं. भिंगाची खरी त्रिज्या १०० सेंटिमीटर आहे. विद्यार्थ्यास ती ठाऊक नाहीं. त्यानें काचा पुसल्या, एकावर एक ठेविल्या, आणि पाहतो तों मध्यभागीं काळ्या ठिपक्याऐवजीं उजळ ठिपका! तरी त्यानें बाहेरील पहिल्या काळ्या वलयाला पहिलें म्हणून मोजणी केली. पांचव्या वलयाचा व्यास ३.२६ मिलिमीटर, दहाव्याचा ४.७३ व विसाव्याचा ६.७८ आला. पांचव्यावरून त्रिज्या निघते ९०.२ सेंटिमीटर, दहाव्यावरून ९४.९, विसाव्यावरून ९७.५. एकाच भिंगाच्या तीन त्रिज्या! आणि मोजावें तशी त्रिज्या वाढतच जाते.

येथें बहुतेक विद्यार्थी एक गोष्ट करतो, आणि ती त्यानें करूं नये. काचांच्या चौकटीचे स्क्रू तो आवळूं लागतो. ठिपका काळा होतो, विद्यार्थ्याचें समाधान होतें. पण आवळण्यानें काच वांकते, आणि मग तो जी गोलाई मोजतो ती भिंग बनविणाऱ्या कारागिराची नसून त्याच्या स्वतःच्या बोटांची असते.

वस्तुतः घडलें होतें एवढेंच कीं, दोन काचांमध्यें धुळीचा एक कण अडकला होता. त्यानें भिंग मिलिमीटरच्या दोन-दशसहस्रांशाहूनही कमी उचललें होतें. परंतु दहाव्या वलयापाशीं हवेचा संपूर्ण थरच मुळीं मिलिमीटरच्या सुमारें तीन-सहस्रांश जाड असतो. तेव्हां एवढासा कणही तेथें डोंगरच ठरतो. मात्र हा डोंगर सर्व वलयांखालीं सारखाच आहे, हें ध्यानांत घ्यावें. त्यामुळें प्रत्येक व्यासाच्या वर्गांतून एकच ठराविक रक्कम वजा होते. लहान वर्गांतून ती गेली कीं फरक मोठा दिसतो, मोठ्या वर्गांतून गेली कीं थोडा. म्हणून ९०, ९५, ९७ अशी चढण लागली.

मग उपाय उघड आहे. एका वलयाला विचारूंच नये. दोघांना विचारावें व वजाबाकी करावी. विसाव्याच्या व्यासाचा वर्ग ४५.९७ चौरस मिलिमीटर, दहाव्याचा २२.३७, फरक २३.६०, म्हणजे ०.२३६० चौरस सेंटिमीटर. त्यास वलयक्रमांकांतील फरक जो दहा, त्याच्या चौपटीनें व तरंगलांबीनें भागिलें कीं उत्तर येतें १००.१ सेंटिमीटर. धुळीचा कण तेथेंच आहे, मधला ठिपका अजून उजळच आहे, आणि तरीही उत्तर बिनचूक आहे. पहिलें वलय नेमकें कोणतें, याविषयींची शंकाही वजाबाकींत आपोआप नाहींशी होते, कारण फक्त दहावें ते विसावें यांमधील मोजणी बरोबर असली म्हणजे झालें. मधलें एखादें वलय गळलें, तर मात्र ती चूक कोणतीही वजाबाकी भरून काढीत नाहीं.

या वजाबाकीचा आणखी एक उपकार आहे, तो सहसा कोणी सांगत नाहीं. सूक्ष्मदर्शकाची तार वलयांच्या मध्यावरून अचूक जातेच असें नाहीं. थोडी वर किंवा खालीं राहिली तर आपण व्यास न मोजतां जीवा मोजतों. पण पायथागोरसचा सिद्धांत आठवला तर दिसेल कीं, जीवेचा वर्ग हा व्यासाच्या वर्गाहून मध्यापासूनच्या त्या अंतराच्या वर्गाच्या चौपटीनें कमी असतो, आणि ही चौपट सर्व वलयांना एकच. म्हणजे तीही वजाबाकींत निघून जाते!

१००.१ मधील शेवटच्या दशांशावर मात्र फारसा भरंवसा ठेवूं नये. सूक्ष्मदर्शक मिलिमीटरचा शतांश दाखवितो. विसाव्या वलयाच्या व्यासांत तेवढी चूक झाली तरी उत्तर अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक हलतें. तरीही तीन पायांच्या गोलमापकाहून ही रीत पुष्कळ सरस आहे. पायांमध्यें साडेतीन सेंटिमीटर अंतर असलेला गोलमापक या भिंगावर ठेविला, तर त्याची मधली सुई जेमतेम ०.२ मिलिमीटर वर चढते. तेथें शतांश मिलिमीटरची चूक म्हणजे शेंकडा पांच.

वजाबाकीला न जुमानणारा दोष एकच उरतो, तो खालच्या काचेचा. सपाट म्हणून जी काच घेतली, ती खरोखर सपाट असतेच असें नाहीं. ती ५० मीटर त्रिज्येच्या गोलाइतकी फुगीर असली, तर पांच सेंटिमीटर रुंदीवर तिचा फुगवटा मिलिमीटरच्या सहा-सहस्रांशांइतकाच भरतो. डोळ्यांना तो दिसणें शक्य नाहीं. पण वलयें भिंगाची एकट्याची गोलाई सांगत नसून दोन्ही पृष्ठभागांमधील फट सांगतात, म्हणून १०० च्या ऐवजीं उत्तर ९८ येतें, आणि वलयें तितकींच रेखीव व व्यासांचे वर्ग तितकेच नियमित राहतात. हा दोष धरावयाचा तर एकच मार्ग: खालची काच उलटी करावी, शक्य तर दुसरी घ्यावी, आणि विसाव्या व दहाव्या वलयांचीं मापें पुन्हां घ्यावीं. भिंगें घासणारे कारागीर हेंच नातें उलट बाजूनें वापरतात. खात्रीच्या काचेवर नवें भिंग टेकवितात, किती वलयें दिसतात तीं मोजतात, आणि अजून घासावयाचें कीं थांबावयाचें तें त्यावरून ठरवितात.