येतो, कळव आणि मग बोलू
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आजचा मेळावा संपताना आपण एकमेकांना ‘काळजी घे’, ‘भेटू’, ‘मग बोलू’ असे म्हणणारच. या शब्दांविषयीच थोडे बोलते.

माझा भाऊ लखनौला मानक नगरमध्ये, रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेच्या वसाहतीत राहतो. त्याचा मुलगा घरी मराठी बोलतो, बाहेर हिंदी. एकदा फोन ठेवताना तो माझ्या आईला म्हणाला, “आजी, जातो.” आई गप्पच झाली. हिंदीतले ‘चलता हूँ’ त्याने सहज मराठीत आणले होते. आपल्याकडे मात्र ‘जातो’ला कायमच्या जाण्याची छाया आहे, म्हणून निघणारा ‘येतो’ म्हणतो आणि घरचे ‘या’ म्हणतात. भाच्याला हे सांगताच त्याने ते लगेच उचलले.

‘मग बोलू’चे तसे झाले नाही. त्याच्या लेखी ती फोन ठेवण्याची खूण होती. आईच्या लेखी ते वचन होते. ती संध्याकाळभर फोनपाशी बसून राही. ‘बोलू’ या रूपात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात, पण ‘केव्हा’ ते येत नाही. कचेरीतल्या सहकाऱ्याला तेवढे पुरते, कारण उद्याची भेट ठरलेलीच असते. हजार किलोमीटरवरच्या आजीला ते पुरत नाही.

‘काळजी घे’चेही असेच आहे. त्यात काळजी समोरच्यावर सोपवून आपण मोकळे होतो. ‘पोहोचलीस की कळव’ म्हणणारा मात्र निरोप येईपर्यंत जागा असतो.

पूर्वी सगळे अधिक जिव्हाळ्याचे होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’ हे शब्द थकलेल्या पैशांचा तगादा लावणाऱ्या पत्राखालीही असत. जवळचा माणूस त्याऐवजी ‘लोभ आहेच, तो वाढावा’ असे लिही. वाचणाऱ्याला तेवढ्या फरकावरून नाते कळे.

आता भाचा म्हणतो, “आजी, रविवारी सकाळी दहाला बोलू. येतो.” आई म्हणते, “ये रे बाळा.” मध्यंतरी त्याची परीक्षा होती. शनिवारीच त्याने फोन करून सांगितले, “उद्या जमणार नाही, बुधवारी बोलू.” मला वाटले, आई हिरमुसेल. तिने कॅलेंडरवर बुधवारभोवती गोल केला आणि रविवारी सकाळी ती निवांत देवळात गेली.