पुराचे फोटो, दोन फोन आणि एकच क्रम

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. समजा, एकाच घरातल्या दोन फोनवरचे त्या दिवसाचे फोटो पाणी चढत गेलं त्या क्रमाने लावायचे आहेत. फाइलच्या तारखेवर विसंबू नये. कॉपी करताना ती बदलू शकते. फोटोच्या आत तो टिपल्याची वेळ आणि कॅमेऱ्याचं मॉडेल नोंदलेलं असतं, ते धरावं. वेळ असताना मॉडेल कशाला, असं कोणी विचारेल. फोन वेळ नेटवर्कवरून घेतात हे खरं, पण ती सोय बंद असली तर घड्याळ चुकतं आणि दुरुस्ती फक्त त्याच फोनच्या फोटोंना करावी लागते. म्हणून दोन्ही फोनवर टिपलेला एकच क्षण शोधावा, जसं की भिंत कोसळतानाचा. एकात ७:१० आणि दुसऱ्यात ७:०३ दिसलं, तर पहिल्या मॉडेलच्या सगळ्या फोटोंतून सात मिनिटं वजा करावीत. खरी वेळ कोणाची, हे यातून ठरत नाही. क्रमासाठी त्याची गरजही नाही. दोन्ही फोन एकाच मॉडेलचे असतील, तर मात्र फोटो आधीच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत या नोंदी सहसा उरत नाहीत, तेव्हा मूळ फाइलच मागून घ्या.