आठ की पाच? ब्रेल कार्डाचा फोटो वाचताना



आमच्या गटातल्या एका ताईंची लेक अंध मुलींच्या शाळेत शिकते, वसतिगृहात राहते. तिनं स्वतः ब्रेलमध्ये लिहिलेलं कार्ड सुट्टीच्या आधी घरी पाठवलं. ताईंनी फोटो काढून मला मोबाइलवर पाठवला. माझ्याकडे मराठी ब्रेलचा तक्ता आहे. तो समोर ठेवून मी वाचायला बसले.

ब्रेलचं प्रत्येक अक्षर सहा टिंबांच्या घरात बसतं. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. पहिल्या घरात ३, ४, ५ ही टिंबं होती, म्हणजे ‘आ’. दुसऱ्यात ३ आणि ५, म्हणजे ‘ई’. ‘आई’ झालं. पुढे ३, ४, ५, ६ असं घर होतं. ही अंकाची खूण, म्हणजे पुढचं घर आकडा आहे.

त्या आकड्यापाशीच अडलं. १ आणि ५ ही टिंबं स्पष्ट होती, पण २ च्या जागेवरून कार्डाची घडी गेली होती. तिथं टिंब असेल तर आकडा आठ, नसेल तर पाच. पुढे ‘ला ये’ स्वच्छ वाचता आलं.

अंदाजानं ‘पाच’ लिहिलं असतं, तर ताईंची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वाया गेलं असतं. म्हणून मी वहीत लिहिलं: ‘आई [८ की ५?] ला ये’. खाली टीप दिली: ‘चौथं घर, टिंब २ घडीवर, शंका.’

मग ताईंना सांगितलं, कार्ड सपाट ठेवा, खोलीत अंधार करा, बॅटरी डाव्या बाजूनं आडवी धरा आणि फोटो बरोबर वरून काढा. समोरून उजेड पडला की टिंबं दिसेनाशी होतात, आडव्या उजेडात प्रत्येक टिंबाची सावली पडते. नव्या फोटोत घडीवर बारीकशी सावली दिसली. तरी ती टिंबाची की घडीची, हे फोटोवरून ठरेना. शेवटी वसतिगृहात फोन लावला. लेक म्हणाली, “आठ तारीख.” तेव्हाच मी कंस खोडला.

अजून एक गोष्ट. फोटो कार्डाच्या मागच्या बाजूचा असेल, तर सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. मग पाच नऊसारखा, चार सहासारखा आणि आठ शून्यासारखा दिसतो. ओळखायचं कसं? अंकाच्या खुणेत उजवीकडची तिन्ही टिंबं भरलेली असतात. ती डावीकडे भरलेली दिसली, तर फोटो मागचा आहे. कार्ड पालटून पुन्हा काढायला सांगा.