बाईंचा कागद आणि माझी घाई

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



थोड्या वेळाने आपला पेटीवाला मित्र गाण्याच्या बाईंचं सरगमगीत वाजवणार आहे. त्याआधी मला दहा मिनिटं दिली आहेत. संयोजकांच्या भाषेत ही प्रस्तावना आहे, पण खरं तर हा माझा कबुलीजबाब आहे.

हे सरगमगीत बाईंनी निवृत्त झाल्यावर लिहिलं. आपल्यापैकी कुणालाही त्यांनी ते शिकवलेलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी आपली एक मैत्रीण त्यांना भेटायला गेली, तेव्हा तिने त्या कागदाचा फोटो काढून आपल्या गटावर टाकला. आपण सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि पुढे गेलो. फक्त पेटीवाल्याने लिहिलं, "मला फोटो दिसत नाही. कुणीतरी अक्षरांत लिहून पाठवा." त्याची दृष्टी गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याचा फोन तेव्हा त्याला मजकूर वाचून दाखवायचा, फोटो नाही.

मी एसटीत होतो. उभ्या-उभ्या दोन ओळी टाइप केल्या आणि पाठवून दिल्या. त्या अशा होत्या:

ग रे सा नि सा सा नि सा म - ग म प म ग म
ग म प नि सां - सां सां नि सां गं रें सां नि ध प

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, "पहिल्या ओळीत एक मात्रा कमी पडते." मी उत्तर दिलं, "नंतर बघतो." ते नंतर कधी आलंच नाही.

पुढे बाई गेल्या. त्यांचं घर आवरताना कागदांचे गठ्ठे रद्दीत गेले. या मेळाव्यासाठी आपण फोटो शोधायला लागलो, तर मैत्रिणीचा तो फोन केव्हाच बंद पडलेला. गटावर फोटोच्या जागी नखाएवढं धूसर चित्र उरलं होतं. त्यावर बोट ठेवलं की फाइल उपलब्ध नाही, एवढंच उत्तर. म्हणजे बाईंच्या कागदाची एकुलती एक नक्कल उरली होती ती एसटीत टाइप केलेली माझी. मग आम्ही तिघं, म्हणजे फोटो काढणारी, पेटीवाला आणि मी, चार रविवार बसलो.

पहिल्या रविवारी पेटीवाल्याने फोन माझ्या कानाला लावला. माझ्या ओळीतली आडवी रेघ फोनने वाचलीच नाही. त्या रेघेचा अर्थ होता, आधीचा स्वर आणखी एक मात्रा लांबवा. म्हणून पहिल्या ओळीत त्याला सोळाऐवजी पंधराच मात्रा ऐकू आल्या. दुसऱ्या ओळीत मात्र त्याच्या मोजणीत बरोबर सोळा भरत होत्या, म्हणून ती ओळ तो इतकी वर्षं बिनचूक समजत होता. तिथेही रेघ गळली होती. पण 'गं' हे अक्षर फोनने 'गम्' असं उच्चारलं आणि त्याने ते ग आणि म असे दोन स्वर धरले. एक मात्रा गेली, एक आली, बेरीज जमली. दोन्ही चुका झाकल्या गेल्या.

मी विभागांच्या उभ्या रेघा टाइप केल्या असत्या तर हे घडलं नसतं. त्रितालात चार-चार मात्रांचे चार विभाग असतात. एका विभागात तीन आणि दुसऱ्यात पाच आले की चूक लगेच पकडता येते. ते धूसर चित्र इथे कामाला आलं. अक्षर एकही वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक ओळ उभ्या रेघांनी चार घरांत विभागलेली दिसत होती. पहिल्या घरावर गोल खूण होती, तिसऱ्यावर फुली. गोल म्हणजे खाली आणि फुली म्हणजे सम. म्हणजे गीत नवव्या मात्रेपासून उठतं आणि पहिल्या ओळीतला तो लांबवलेला 'म' बरोबर समेवर येतो. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

दुसरा रविवार टिंबांचा. पेटीवाल्याने विचारलं, "सां वरचं टिंब तू पाहिलंस की मनाने दिलंस?" प्रश्न बिनकामाचा नव्हता. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचं टिंब तार सप्तक दाखवतं आणि मंद्रासाठी टिंब खाली देतात. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं असतं, आणि तारासाठी वर उभी रेघ काढतात. तेच टिंब त्याच जागी, अर्थ मात्र दोन सप्तकं दूर. फुली आणि गोल ह्या भातखंडे पद्धतीच्या खुणा, म्हणून वरचं टिंब तारच, हे ठरलं. शिवाय दुसरी ओळ ग म प नि अशी चढत 'सा'पर्यंत पोचते, तेव्हा तो 'सा' वरचाच असणार.

खालची टिंबं मात्र मी दिलीच नव्हती. वरचं टिंब अनुस्वार म्हणून फोनवर सहज मिळतं, खालचं मला सापडलं नाही, म्हणून सोडून दिलं. पहिल्या ओळीत 'सा सा नि सा' आहे. तो 'नि' मधल्या सप्तकातला मानला तर 'सा'वरून एकदम सातव्या स्वरावर उडी मारून लगेच खाली यावं लागतं. तो मंद्र मानला तर शेजारच्या पायरीवर पाय टेकवून परत येण्यासारखं सहज होतं. पेटीवाल्याने दोन्ही वाजवून दाखवलं आणि वाद मिटला. पहिल्या ओळीतले दोन्ही 'नि' मंद्र. दुसऱ्या ओळीतल्या तीनही 'नि'चे शेजारी प, ध आणि तार सा, म्हणून ते मध्य.

तिसऱ्या रविवारी माझी खरी चूक उघडी पडली. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते. मी एकही दिली नव्हती. मैत्रीण म्हणाली, "अरे, अक्षरांखाली खूप रेघा होत्या." पण त्या सरळ होत्या की वाटीसारख्या वळलेल्या, हे तिला आठवेना. वळलेली रेघ कोमल स्वराची नसते. एका मात्रेत दोन-तीन स्वर बसवायचे असले की ती खाली काढतात.

आता गंमत बघा. माझ्या ओळींमध्ये चढताना रे आणि ध नाहीत, उतरताना सगळे स्वर आहेत. अशा चालीचे निदान तीन राग आपल्याला माहीत आहेत. ग आणि नि दोन्ही शुद्ध घेतले तर बिहाग, दोन्ही कोमल घेतले तर भीमपलास, ग कोमल आणि नि शुद्ध घेतला तर पटदीप. माझ्या टाइप केलेल्या अक्षरांत हे तिन्ही राग एकसारखेच दिसत होते. पेटीवाला इतकी वर्षं ते बिहाग म्हणून वाजवत होता, आणि बिचारा म्हणत होता, "बाईंनी बिहाग असा का लिहिला असेल?"

निवाडा केला तो थांबण्याच्या जागांनी. बिहागात गाणारा 'ग'वर विसावतो, आणि उतरताना रे, ध नुसते स्पर्शून जातो. इथे रे आणि ध पूर्ण मात्रेचे आहेत, आणि समेवर दोन मात्रा ठाण मांडून बसलाय तो 'म'. भीमपलासाचा वादी स्वर म. म्हणून ग कोमल, याबद्दल आम्हा तिघांना शंका नाही. 'नि'बद्दल तेवढी खात्री देता येत नाही. पटदीप असता तर शुद्ध नि किंवा प कुठेतरी लांबवलेला दिसला असता. तसा तो नाही, म्हणून आम्ही नि कोमल धरला. पण हा आमचा निर्णय आहे. बाईंच्या कागदावर तसं होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

चौथ्या रविवारी आम्ही नवं वर्णन लिहिलं. खुणा अजिबात न वापरता, सगळं शब्दांत, म्हणजे फोनने वाचलं तरी काही गळणार नाही आणि छापखान्यातही काही पुसलं जाणार नाही. स्मरणिकेत ते असं द्यावं अशी माझी विनंती आहे:

"कागदावर दोन ओळी. प्रत्येक ओळ उभ्या रेघांनी चार घरांत विभागलेली, पहिल्या घरावर गोल, तिसऱ्यावर फुली. पद्धत भातखंडे, ताल त्रिताल, सुरुवात नवव्या मात्रेपासून.

पहिली ओळ. मात्रा ९ ते १२: कोमल ग, रे, सा, मंद्र कोमल नि. मात्रा १३ ते १६: सा, सा, मंद्र कोमल नि, सा. मात्रा १ ते ४: म, तोच म लांबवून, कोमल ग, म. मात्रा ५ ते ८: प, म, कोमल ग, म.

दुसरी ओळ. मात्रा ९ ते १२: कोमल ग, म, प, कोमल नि. मात्रा १३ ते १६: तार सा, तोच लांबवून, तार सा, तार सा. मात्रा १ ते ४: कोमल नि, तार सा, तार कोमल ग, तार रे. मात्रा ५ ते ८: तार सा, कोमल नि, ध, प.

कागदावर पाहिलेलं: स्वरांची नावं, वरची टिंबं, लांबवण्याच्या रेघा. धूसर चित्रावरून: घरं, गोल आणि फुली. गाण्यावरून ठरवलेलं: मंद्र नि आणि कोमल ग. अंदाज: कोमल नि."

आणखी एक गोष्ट त्यात लिहिली आहे. समेच्या 'म'च्या डाव्या खांद्यावर एक बारीक अक्षर होतं. कण स्वर असावा. ते मी त्या दिवशी पाहिलं होतं आणि एवढंसं काय लिहायचं म्हणून सोडलं होतं. ते अक्षर कोणतं, हे आता कळायला मार्ग नाही. तिथे आम्ही लिहिलंय, "इथे एक कण स्वर होता." भीमपलासात शोभेल असा एखादा कण तिथे घालता आला असता. पेटीवाला म्हणाला, "नको. बाईंची जागा आहे, रिकामी ठेव."

तेव्हा तो वाजवायला बसला की समेवर कान द्या. 'म' तिथे साधा, सरळ लागेल. आमच्या तिघांपैकी कुणाकडे नसलेलं ते बारीक अक्षर इथे बसलेल्या कुणाच्या वहीत, कुणाच्या जुन्या फोनमध्ये असेल, तर जेवणाच्या सुटीत मला गाठा. यावेळी मी "नंतर बघतो" म्हणणार नाही.